बॅलन्स पॉइंट, उर्फ पंचविशीच्या खालचं बिल

आमच्या इकडे, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनात, थंडी तशी सभ्य असते. बॉस्टन-शिकागोवाले मित्र आमच्या थंडीला थंडी म्हणायलाच तयार नसतात. म्हणूनच इथल्या बऱ्याच घरांत गॅसची भट्टी नसते, हीट पंप असतो. हीट पंप म्हणजे उलटा चालवलेला एसी. उन्हाळ्यात घरातली उष्णता उचलून बाहेर टाकतो, हिवाळ्यात बाहेरची उष्णता उचलून घरात आणतो. बाहेर गारठा असताना तिथून उष्णता कसली आणणार, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. पण उणे दहाच्या हवेतही उष्णता असते. त्याहून गार असलेलं रेफ्रिजरंट त्या हवेतून फिरवलं की ती त्यात येते. ती फक्त कमी-कमी मिळत जाते, आणि सगळी गंमत या 'कमी-कमी'मध्येच आहे.

(या लेखात सगळे अंश फॅरनहाइट आहेत. ३२ म्हणजे पाणी गोठतं, ७० म्हणजे घरात सुखाने बसता येतं. २५ म्हणजे साधारण उणे ४ सेल्सिअस आणि १० म्हणजे उणे १२. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.)

डिसेंबर २०२२ मध्ये नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी आमच्याकडे पारा दहाच्या आसपास गेला होता. अमेरिकेच्या अर्ध्या भागावरून ती थंडीची लाट गेली. दोन्ही कॅरोलायनांत मिळून वीज कंपनीला आळीपाळीने वीज बंद करावी लागली, सुमारे पाच लाख ग्राहकांची. लोडशेडिंग! पुण्या-नाशकात लहानाचे मोठे झालेले आम्ही लोक एकमेकांना फोन करून हसत होतो. पण पलीकडच्या गल्लीत राहणारा माझा मित्र हसत नव्हता. त्याची आई, म्हणजे काकू, नाशिकहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांची वीज जवळजवळ दोन तास गेली, घर ६४ पर्यंत उतरलं, आणि वीज परत आल्यावरही दुपारपर्यंत ७० ला पोचलं नाही. काकू दोन स्वेटर, शाल आणि रजई घेऊन बसल्या होत्या. आमचं घर साधारण तेवढंच, यंत्रही तेवढंच. आमच्याकडेही वीज गेली होती, पण आम्ही दोन-तीन तासांत पूर्वपदावर आलो.

पुढे जानेवारीत त्याचं बिल आलं. तीनशे डॉलरच्या वर. तेव्हा तो म्हणाला, "शनिवारी ये, हे प्रकरण काय आहे ते बघू." आणि मग अख्खा शनिवार त्यात गेला. त्या दिवशी जे कळलं ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी दोन रेघा समजून घेऊ.

पहिली रेघ घराची. घर सतत उष्णता गमावत असतं. भिंतीतून, खिडक्यांतून, छतातून, दारांच्या फटींतून. बाहेर जितकं थंड तितकी गळती जास्त, आणि हे नातं जवळजवळ सरळ रेषेत असतं. आत ७० ठेवायचं असलं तरी गळती ६५ पासून मोजतात, कारण वरचे पाचेक अंश फ्रिज, टीव्ही, स्वयंपाक आणि घरातली माणसं फुकटात देतात. म्हणजे बाहेर ६५ असताना हीटिंगची गरज शून्य, आणि तिथून बाहेरचं तापमान उतरत जाईल तशी गरज वर चढत जाणार.

दुसरी रेघ हीट पंपाची. बाहेरचं तापमान उतरतं तशी ही रेघ खाली येते. यंत्राच्या कागदपत्रांत साधारण दोन आकडे असतातच, ४७ अंशांना किती उष्णता देतो आणि १७ अंशांना किती. मित्राचं यंत्र तीन टनी, साधं, एकाच वेगाने चालणारं. कागदावर ४७ ला तासाला ३४,००० बीटीयू, आणि १७ ला २०,५००. म्हणजे तीस अंशांत यंत्राची ताकद चाळीस टक्क्यांनी घटली. (बीटीयू हे उष्णतेचं इकडचं माप आहे. विजेचं एक युनिट म्हणजे ३,४१२ बीटीयू.)

तर एक रेघ चढती, एक उतरती. गरज वाढत जाते तेव्हाच देणारा दुबळा होत जातो. या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात ते बाहेरचं तापमान म्हणजे बॅलन्स पॉइंट. त्याच्या वर हीट पंप एकट्याने घर सांभाळतो आणि मधूनमधून बंदही होतो. बरोबर त्या तापमानाला तो तासातली साठच्या साठ मिनिटं चालतो आणि घर जेमतेम जागच्या जागी राहतं. त्याच्या खाली तो चोवीस तास चालला तरी पुरत नाही. तिथे जी तूट पडते ती भरायला एअर हँडलरमध्ये विजेच्या कॉइल्स बसवलेल्या असतात. त्यांना स्ट्रिप म्हणतात. टोस्टरमधल्या तारेची मोठी बहीण. थर्मोस्टॅटवर त्या वेळी `AUX HEAT` असं दिसतं.

स्ट्रिप वाईट नसते, महाग असते. एका युनिटाची वीज घेऊन ती एका युनिटाची उष्णता देते. हीट पंप तेवढ्याच विजेत, तीस अंशांना पावणेतीनपट, आणि दहा अंशांनाही दुपटीच्या आसपास उष्णता देतो, कारण तो उष्णता तयार करत नाही, फक्त वाहून आणतो.

आता मित्राच्या घराची रेघ काढायची होती. यंत्राचे आकडे कागदावर मिळतात, घराचे मिळत नाहीत. पण त्याचा थर्मोस्टॅट इंटरनेटला जोडलेला होता आणि कॉम्प्रेसर किती मिनिटं चालला याची नोंद ठेवत होता. आम्ही त्यातली एक रात्र निवडली. वारा नाही, पाऊस नाही, रात्रभर बाहेर ४० च्या आसपास, आत एकसारखं ७०. ऊन नको म्हणून रात्र, आणि आतलं तापमान बदलायला नको म्हणून एकच सेटिंग. त्या रात्री कॉम्प्रेसर तासाला सरासरी २९ मिनिटं चालला होता.

४० अंशांना यंत्राची ताकद रेघेवरून येते ३०,८५०. तासातली २९ मिनिटं म्हणजे त्याच्या जवळपास निम्मं, सुमारे १५,००० बीटीयू. घराला ४० अंशांना तासाला तेवढी उष्णता लागली. ६५ वजा ४० म्हणजे २५. पंधरा हजार भागिले पंचवीस, म्हणजे ६००. बाहेरचं तापमान एका अंशाने उतरलं की घर तासाला ६०० बीटीयू जास्त मागतं. संपला अभ्यास! इन्सुलेशन कुठलं, खिडक्या कसल्या, कुठल्या दारातून हवा येते, यातलं काहीही माहीत नसताना घराने स्वतःच आपला आकडा सांगितला.

मग आम्ही दोघांनी (सवयीचे गुलाम!) लॅपटॉप उघडला.

```
for t in range(50, 0, -5):
    loss = 600 * (65 - t)
    hp = 20500 + 450 * (t - 17)
    print(t, loss, hp, max(0, loss - hp) / 3412)
```

शेवटचा कॉलम म्हणजे स्ट्रिपने भरायची तूट, किलोवॅटमध्ये. ५० पासून २५ पर्यंत तिथे शून्यच शून्य. २५ ला गरज २४,००० आणि यंत्राची ताकद २४,१००. म्हणजे बॅलन्स पॉइंट हाच, पंचवीस अंश. २० ला तूट दीड किलोवॅट. १५ ला तीन. १० ला ४.६.

इथे क्षणभर थांबून बघण्यासारखं आहे. पंचविशीच्या खाली प्रत्येक अंशाला घर ६०० बीटीयू जास्त मागतं आणि त्याच अंशाला पंप ४५० कमी देतो. दोन्हीची बेरीज १,०५०, म्हणजे ३०० वॉट. आणि ही सगळी उष्णता स्ट्रिपची, एकास एक. पंचविशीच्या वर बाहेरचं तापमान पाच अंशांनी उतरलं तर बिलात फारसं कळत नाही. पंचविशीच्या खाली तेच पाच अंश दीड किलोवॅटचे, म्हणजे एक मोठी इस्त्री रात्रभर चालू ठेवल्यासारखे. लोक म्हणतात, "थंडी थोडीच वाढली, पण बिल एकदम कसं वाढलं?" त्याचं उत्तर या मोडलेल्या रेघेत आहे.

पण मित्राचं कोडं एवढ्यावर सुटलं नव्हतं. दहा अंशांना तूट ४.६ किलोवॅट, आणि त्याच्या एअर हँडलरमध्ये स्ट्रिप १० किलोवॅटची. म्हणजे निम्मी ताकद शिल्लक. मग नाताळच्या आदल्या दिवशी घर का तापलं नाही?

आम्ही त्या रात्रीची नोंद उघडली. कॉम्प्रेसर शून्य मिनिटं. स्ट्रिप जवळजवळ साठ. मागे जाऊन बाकीच्या रात्री पाहिल्या. बाहेर ३६ असताना कॉम्प्रेसर गुण्यागोविंदाने चाललाय, आणि ३५ च्या खाली गेलं की एकदम बंद, पुढे सगळं स्ट्रिपवर. यंत्र बिघडलं असतं तर अशी सुबक रेघ आली नसती. बिघाड गबाळा असतो, सेटिंग सुबक असतं. थर्मोस्टॅटच्या खोल मेनूत गेलो तर तिथे `Compressor Min Outdoor Temperature` समोर ३५ लिहिलेलं. म्हणजे बाहेर ३५ च्या खाली गेलं की कॉम्प्रेसर चालवायचाच नाही.

हे सेटिंग मुळात निराळ्या प्रकारच्या घरांसाठी आहे. ज्या घरात हीट पंपाच्या जोडीला गॅसची भट्टी असते तिथे दोन्ही एकदम चालवता येत नाहीत, कारण भट्टीने तापलेली हवा पंपाच्या कॉइलवरूनच पुढे जाते. शिवाय गॅस स्वस्त असेल तर एका तापमानाखाली पंपापेक्षा भट्टी परवडते. म्हणून तिथे असा एक आकडा ठरवावा लागतो आणि त्याला अर्थही आहे. त्याला आर्थिक बॅलन्स पॉइंट म्हणतात. पण जोडीला विजेच्या स्ट्रिप असल्या की हा हिशेब लागूच पडत नाही. दोघेही वीजच खातात, आणि पंप त्याच विजेत दुप्पट देतो. जोवर यंत्र बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेत तो चालू शकतो तोवर त्याला चालू ठेवण्यातच फायदा. स्ट्रिपने त्याची जागा घ्यायची नसते, त्याला हात द्यायचा असतो. स्ट्रिप त्याच्या कॉइलच्या पुढे बसवलेली असते, त्यामुळे दोघांना एकत्र चालायला काही अडचण नसते.

आता त्या सकाळचा हिशेब लावून पाहा. दहा अंशांना आत ७० राखायला ३३,००० बीटीयू हवेत. १० किलोवॅटची स्ट्रिप सगळी मिळून देते ३४,०००. म्हणजे रात्रभर घर कसंबसं तरलं आणि कोणाला शंकाही आली नाही. मग वीज गेली, घर ६४ वर आलं. ६४ ला गळती थोडी घटते, साधारण २९,५०० होते. स्ट्रिप एकटी असताना घर पुन्हा तापवायला उरले ४,५०० बीटीयू. कॉम्प्रेसर सोबत असता तर त्याचे १७,३०० मिळून उरले असते जवळजवळ २२,०००. पाचपट! काकूंची रजई आणि आमचा स्वेटर यांतला फरक तो एवढाच.

आणि बिल? एखादा दिवस सरासरी तीस अंशांचा धरा. घराला तासाला २१,००० बीटीयू लागतात. पंपाने द्यायचे तर दिवसाला सुमारे ५४ युनिटं. स्ट्रिपने द्यायचे तर १४८. बारा सेंटच्या दराने साडेसहा डॉलर विरुद्ध पावणेअठरा. आणि तीस अंशांना, लक्षात घ्या, स्ट्रिपची गरजच नव्हती. बॅलन्स पॉइंट पंचवीस होता. पंचवीस ते पस्तीस हे दहा अंश मित्राने निष्कारण विकत घेतले होते. आमच्याकडच्या हिवाळ्यातल्या बहुतेक थंड रात्री नेमक्या याच पट्ट्यात पडतात.

आम्ही यंत्राच्या पुस्तिकेत मर्यादा तपासली आणि कॉम्प्रेसरचं ते कुलूप काढून टाकलं. त्याच मेनूत उलट्या दिशेचंही एक सेटिंग असतं, `Aux Heat Max Outdoor Temperature`. बाहेर याच्या वर तापमान असेल तर स्ट्रिप लावायची नाही. तिथे ३० टाकलं. बॅलन्स पॉइंट पंचवीस, आणि पाच अंशांची मोकळीक, कारण वारा सुटला की घराची रेघ वर सरकते. वेगवेगळ्या थर्मोस्टॅटवर या गोष्टींची नावं वेगळी असतात, पण कल्पना याच दोन.

हे दुसरं सेटिंग का लागतं? कारण थर्मोस्टॅटला बॅलन्स पॉइंट ठाऊक नसतो. त्याला एवढंच दिसतं की हवंय ७० आणि आहे ६७. फरक दोन-तीन अंशांच्या वर गेला, किंवा बराच वेळ कॉम्प्रेसर चालूनही फरक मिटला नाही, की तो स्ट्रिपला हाक मारतो. त्यामुळे रात्री झोपताना ६२ करून सकाळी सहाला ७० करणाऱ्या काटकसरी माणसाच्या घरी, बाहेर चाळीस असतानाही, पहाटे स्ट्रिप पेटते. रात्रभर वाचवलेलं सकाळच्या अर्ध्या तासात देऊन टाकायचं. गॅसच्या घरात रात्री तापमान उतरवणं शहाणपणाचं, पण साध्या हीट पंपाच्या घरात, विशेषतः कडाक्याच्या थंडीत, एकच आकडा लावून सोडून द्यावा हे उत्तम.

कुलूप काढल्यावर आठवड्याभरात मित्राचा फोन. "अरे, आई म्हणते हा हीटर आहे का पंखा? व्हेंटमधून गार वारा येतोय. मी सरळ `EM HEAT` लावू का?"

काकूंचं म्हणणं अगदी खरं होतं. आधी स्ट्रिप असताना व्हेंटमधून ९६-९७ अंशांची हवा यायची. आता बाहेर २५-२६ असताना पंप ८९ च्या आसपासची हवा देत होता. आपलं अंग त्याहून गरम, त्यामुळे ८९ ची वाहती हवा अंगावर गारच लागते, पण ७० च्या खोलीला ती तापवतेच. दहा अंशांना तर पंप एकटा असेल तर ८३ चीच हवा देईल. मी काकूंना म्हटलं, "काकू, खुर्ची व्हेंटपासून जरा बाजूला घ्या, आणि भिंतीवरचा आकडा बघा, वाऱ्याकडे नका बघू." त्या म्हणाल्या, "आकडा ठीक आहे रे, पण पायाला आकडा कळत नाही." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. व्हेंटच्या पात्या भिंतीकडे वळवल्या आणि काकूंना लोकरी मोजे आणून दिले. तक्रार मिटली.

`EM HEAT` बद्दल मात्र मी त्याला निक्षून नाही म्हटलं. नावामुळे लोकांना वाटतं की फार थंडी म्हणजेच इमर्जन्सी. ते बटण कॉम्प्रेसर पूर्ण बंद करतं आणि सगळं स्ट्रिपवर टाकतं. ते कॉम्प्रेसर मोडल्यावर, मेकॅनिक येईपर्यंत वापरायचं. थंडीसाठी ते लावणं म्हणजे आपण नुकतंच काढलेलं कुलूप आपल्या हाताने परत लावणं.

दुसरा फोन त्याच्या बायकोचा. "बाहेरच्या युनिटमधून धूर येतोय, आणि आत `AUX` दिसतंय. बाहेर तर चौतीस आहे!" तो धूर नव्हता, वाफ होती. बाहेरच्या कॉइलवर दव बसतं, गोठतं, आणि हवेची वाट अडते. म्हणून यंत्र अधूनमधून काही मिनिटं स्वतःला उलटं फिरवतं, घरातली उष्णता बाहेर नेऊन तो बर्फ वितळवतं. त्याला डीफ्रॉस्ट म्हणतात. त्या काही मिनिटांत घरात एसीची गार हवा येऊ नये म्हणून स्ट्रिप लागते. ती बहुतेक यंत्रांत थेट बाहेरच्या युनिटच्या सांगण्यावरून लागते, थर्मोस्टॅटचं तिथे फार चालत नाही. दमट हवेत तिशीच्या आसपास हे जास्त दिसतं. पाच-दहा मिनिटांत आपोआप थांबलं तर चिंता नको. कॉइलवर बर्फाचा जाड थर तासन्‌तास तसाच राहिला तर मात्र डीफ्रॉस्ट होत नाहीये आणि मेकॅनिकला बोलवायला हवं.

नंतरच्या एका रात्री पारा पंचविशीला टेकला. दुसऱ्या दिवशी मित्राने नोंद पाठवली. पहाटे चार ते सहा, कॉम्प्रेसर सलग, आतलं तापमान ७० वरून ६९ आणि तिथेच स्थिर, डीफ्रॉस्टची काही मिनिटं सोडली तर स्ट्रिप नाही. शनिवारी चार ओळींत काढलेला आकडा खऱ्या घरात जवळजवळ तंतोतंत उतरला होता. त्याने सोबत विचारलंही, "सलग दोन तास चाललाय, खराब होणार नाही ना?" उलट. सारखं बंद-चालू होण्यापेक्षा सलग चालणं कॉम्प्रेसरला मानवतं, आणि बॅलन्स पॉइंटवर तो सलग चालणारच, तीच तर त्याची व्याख्या. बिलही पुढच्या महिन्यात उतरलं. पण २०२३ चा फेब्रुवारी इकडे फारच उबदार गेला, त्यामुळे बिलाला मी पुरावा मानत नाही. पुरावा ती पहाटेची नोंद.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. रेघा खऱ्या जगात इतक्या सरळ नसतात. डीफ्रॉस्टमुळे तिशीच्या आसपास पंपाची खरी ताकद कागदापेक्षा थोडी कमी पडते. दिवसा ऊन आलं की घराची गरज घटते, म्हणजे एकाच घराचा बॅलन्स पॉइंट दिवसा खाली आणि वाऱ्याच्या रात्री वर. म्हणून पंचवीस म्हणजे पंचवीस ते अठ्ठावीस असंच धरावं. आणि नवी, कमी-जास्त वेगाने चालणारी, खास थंड हवेसाठी बनवलेली यंत्रं पाच अंशांपर्यंतही आपली बरीचशी ताकद टिकवून ठेवतात. त्यांची रेघ इतकी उतरत नाही. तशा यंत्राने याच घराचा बॅलन्स पॉइंट आमच्याकडे क्वचितच दिसणाऱ्या तापमानापर्यंत खाली गेला असता.

आकडा एकदा माहीत झाला की त्याचा खरा उपयोग पुढच्या वर्षी होतो. पंचवीस ठाऊक असलेल्या घरात चाळीस अंशांना, सेटिंगला कोणी हात न लावता, तासन्‌तास स्ट्रिप दिसली तर रेघ सरकली आहे. घराची वर गेली असेल किंवा पंपाची खाली. घर सहसा एका वर्षात बदलत नाही, त्यामुळे संशय पंपावर. आधी फिल्टर बघायचा, मग बाहेरचा पंखा आणि कॉम्प्रेसर खरोखर फिरतायत का ते बघायचं, आणि मग रेफ्रिजरंट कमी झालंय का हे मेकॅनिककडून. पंप बंद पडला तरी स्ट्रिप मुकाट्याने घर तापवत राहते, म्हणून कित्येकांना हिवाळाभर कळतही नाही. कळतं ते बिलातून, नाहीतर दहा अंशांच्या सकाळी.

आणि त्या सकाळच्या लोडशेडिंगचा धागाही इथेच येऊन मिळतो. त्या दिवशी वीज कंपनीचा मागणीचा अंदाज कमी पडला होता आणि काही वीजकेंद्रंही ऐन वेळी अडली होती. पण मागणी तशी का वाढते हे आता आपल्याला मित्राच्या एका घरावरून दिसतं. पंचविशीच्या खाली दर अंशाला ३०० वॉट. अशी लाखो घरं, सगळी एकाच पहाटे, आणि त्यातली कितीतरी सहा वाजता ६२ वरून ७० वर जाऊ पाहणारी. कॉम्प्रेसर चालू असता तर मित्राच्या घराने त्या पहाटे सगळं मिळून सात किलोवॅट ओढले असते. कुलपामुळे ओढले ९.७. जवळजवळ तीन किलोवॅट जास्त, तेही तारा सगळ्यात जास्त ताणलेल्या असताना, आणि त्याच्या बदल्यात काकूंना मिळाली रजई.

मित्राने थर्मोस्टॅटशेजारी एक पिवळी चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर फक्त २५ लिहिलंय. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, हे काय? लग्नाचं वर्ष? जागेचा हप्ता? तो शांतपणे सांगतो, "याच्या खाली गेलं की आमचं घर कर्ज काढतं."